अंशाधिक अपूर्णांकांची उत्तरसूची चुकली, तर तपासणी कुठून सुरू करायची

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या शाळांसाठी गणिताच्या कार्यपत्रिका तयार होतात, त्यांच्या उत्तरसूची गेली कित्येक वर्षे माझ्या हाताखालून जातात. अंशाधिक अपूर्णांकाचे पूर्णांकयुक्त अपूर्णांकात रूपांतर करणे सोपे आहे. अंशाला छेदाने भागायचे, भागाकार पूर्णांक म्हणून घ्यायचा आणि बाकी छेदावर मांडायची. तरीही वीस-पंचवीस प्रश्नांच्या यादीची सूची पहिल्याच फेरीत निर्दोष निघाल्याचे मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. चुका बहुतेक वेळा त्याच त्याच असतात. म्हणून त्या कशा ओळखायच्या आणि कुठल्या क्रमाने तपासायच्या ते इथे लिहून ठेवते.

लक्षणे

वर्गातल्या सात-आठ मुलांचे उत्तर एकच येते आणि सूचीत मात्र वेगळे असते. मुले लांब लांब बसलेली असतील, म्हणजे बघून लिहिण्याचा प्रश्न नसेल, तर मी आधी सूचीवर संशय घेते. दुसरे लक्षण म्हणजे सूचीतले उत्तर प्रश्नापेक्षा कितीतरी मोठे किंवा लहान दिसणे. तिसरे, पूर्णांक वेगळा काढल्यावरही उरलेल्या अपूर्णांकाचा अंश छेदाहून मोठा असणे. चौथे, ‘४ पूर्णांक ०/७’ अशी उत्तरे. पाचवे, दोन शिक्षकांनी केलेल्या दोन सूची जुळत नाहीत आणि दोघांनाही आपलीच बरोबर वाटते. सूची संगणकावर केली असेल तर उत्तराच्या जागी ‘17-May’ असे काहीतरी येते, किंवा आकड्यांच्या मधोमध ‘ध्’ उमटलेला दिसतो.

नमुन्यासाठी एक सूची घेऊ. एका कागदावर इतक्या चुका मला कधी सापडलेल्या नाहीत. वेगवेगळ्या वर्षी सापडलेल्या मी इथे एकत्र केल्या आहेत. डावीकडे प्रश्न, उजवीकडे सूचीत छापलेले उत्तर:

१) १७/५ : ३२/५
२) ९/४ : २ पूर्णांक १/४
३) ४७/६ : ६ पूर्णांक ११/६
४) ३०/१२ : २ पूर्णांक ६/१२
५) २८/७ : ४ पूर्णांक ०/७
६) १९/८ : ३ पूर्णांक २/८
७) ६१/३ : २ पूर्णांक १/३
८) ३७/१२ : ३ पूर्णांक १/९
९) ११९/२१ : ५ पूर्णांक १४/२१
१०) ४१/९ : ४ पूर्णांक ५/९
११) २७/४ : ७ पूर्णांक ३/४
१२) ५३/७ : ७ पूर्णांक ३/७

पुढे वाचण्याआधी यातली कुठली उत्तरे बरोबर वाटतात ते पेन्सिलीने मांडून पाहा.

पहिली तपासणी: नुसती नजर

याला कागद-पेन लागत नाही, वीज लागत नाही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वीज संध्याकाळची गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून मी ही फेरी छापील कागदावर खिडकीपाशी बसून करते. उत्तराच्या अपूर्णांकाकडे बघून फक्त दोन गोष्टी विचारायच्या. अंश छेदाहून लहान आहे का? आणि छेद प्रश्नातलाच आहे का, नसल्यास प्रश्नातल्या छेदाला त्याने नि:शेष भाग जातो का?

पहिला प्रश्न महत्त्वाचा का, तर उत्तरातला अंश म्हणजे भागाकारातली बाकी. बाकी नेहमी भाजकाहून लहान असते. ती मोठी दिसली तर भाग अजून एकदा जात होता आणि कोणीतरी मधेच थांबले. तिसऱ्या प्रश्नात हेच झाले आहे. सहा सख छत्तीस इथे थांबून बाकी ११ धरली, पण ११ मधून अजून एक ६ निघतो. म्हणून पूर्णांक ७ आणि बाकी ५. पाचव्या प्रश्नातला ०/७ याच फेरीत दिसतो. बाकी शून्य असेल तर अपूर्णांक उरतच नाही, उत्तर नुसते ४. ‘४ पूर्णांक ०/७’ किमतीने चुकीचे नाही, पण सूचीत तसे छापले तर मुले पुढच्या वेळी प्रत्येक पूर्ण संख्येला शून्याची शेपटी लावतात. मग ती सवय मोडण्यात दोन तास जातात.

दुसरा प्रश्न आठव्या उत्तराला पकडतो. बारा तुकड्यांच्या हिशेबातून नऊ तुकड्यांचा हिशेब निघू शकत नाही. १२ छेदाचे उत्तर संक्षिप्त केले तर छेद ६, ४, ३ किंवा २ होईल, ९ कधीच होणार नाही. १/९ आला कुठून ते संगणकाच्या भागात सांगते.

दुसरी तपासणी: उत्तर कोणत्या दोन पूर्णांकांच्या मधे पडते

हिला फक्त पाढे लागतात. १७/५ घ्या. पाचाच्या पाढ्यात १७ हा १५ आणि २० यांच्या मधे येतो, म्हणजे उत्तर ३ आणि ४ यांच्या मधे. सूचीत ३२/५ आहे, आणि ३२ तर ३० च्याही पुढे. ते सहाहून मोठे झाले. त्या वर्षी ही चूक माझ्या आधी पाजपंढरीहून येणाऱ्या एका मुलीने पकडली होती. ती म्हणाली, “बाई, सतरा होते त्याचे बत्तीस कसे झाले?” छपाईसाठी ‘३ २/५’ असे टाइप केले होते, मधली मोकळी जागा कुठेतरी गळली आणि तीन व दोन एकमेकांना चिकटले. या जागेची गोष्ट पुढे सविस्तर येईल, कारण माझ्या अनुभवात सर्वात जास्त सूची तिथेच बिघडतात.

याच तपासणीत सहावे उत्तर सापडते. १९ हा १६ आणि २४ यांच्या मधे आहे, म्हणून उत्तर २ आणि ३ यांच्या मधे हवे. सूचीत ३ पूर्णांक काही आहे. भागाकार २ आणि बाकी ३ यांची अदलाबदल झाली. घाईत भागाकार करताना दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि उतरवताना उलटे घेतले, असे फार वेळा होते. सातव्यात ६१ ला ३ ने भागताना सहाला दोनचा भाग गेला, मग एक खाली आला, एकात तीन जात नाहीत म्हणून भागाकारात शून्य मांडायचा होता, तो राहिला. वीसचे दोन झाले. पहिल्या तपासणीत हे उत्तर अगदी निर्दोष दिसते, १ हा ३ हून लहान आहे आणि छेदही तोच. म्हणून एका फेरीवर थांबायचे नाही.

अकरावे उत्तर आपल्या भाषेतून आलेले आहे. २७/४ म्हणजे पावणेसात. ज्याने सूची केली त्याने तोंडाने बरोबर म्हटले आणि हाताने सात लिहिला, कारण कानावर ‘सात’ पडला होता. पावणेसात म्हणजे सातला पाव कमी, म्हणून पूर्णांक ६ आणि वर ३/४. सव्वा आणि साडे यांत ही गडबड होत नाही, कारण सव्वादोनमधला दोन आणि साडेसहामधला सहा तसाच लिहिला जातो. पावणेच्या वेळी मात्र एक कमी करून लिहावे लागते. पाव, अर्धा आणि पाऊण जिथे येतो तिथली सगळी उत्तरे मी मोठ्याने वाचते. दुसरे उत्तर ‘सव्वादोन’ असे म्हटले की नऊ पाव डोळ्यांसमोर येतात आणि खात्री पटते. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केली होती. त्यांना ही तपासणी शिकवावी लागली नसती.

छेद १२ असेल तिथे डझन धरावा. आंब्याच्या दिवसांत आमच्याकडच्या मुलाला ३० आंबे म्हणजे अडीच डझन हे सांगावे लागत नाही. तो ३०/१२ बघून अडीच म्हणतो आणि बरोबर म्हणतो. ३७ आंबे म्हणजे तीन डझन आणि वर एक, म्हणजे ३ पूर्णांक १/१२. आठव्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

तिसरी तपासणी: उलटा गुणाकार

आता पेन घ्यायचे. पूर्णांक गुणिले छेद, त्यात अंश मिळवायचा, प्रश्नातला अंश यायला हवा. बाराव्या उत्तरात ७ गुणिले ७ म्हणजे ४९, अधिक ३, झाले ५२. प्रश्नात ५३ आहे. बाकी काढताना एकाची चूक झाली, उत्तर ७ पूर्णांक ४/७. हे उत्तर आधीच्या दोन्ही तपासण्यांतून बिनबोभाट सुटले होते. ३ हा ७ हून लहान, छेद तोच, आणि ५३/७ हा ७ आणि ८ यांच्या मधेच आहे. बाकीतली अशी लहान चूक फक्त उलट्या गुणाकारात दिसते.

बरेच जण हीच एक तपासणी करतात आणि सूची पक्की समजतात. ते चूक आहे. ६ पूर्णांक ११/६ उलटे गुणून पाहा. सहा सख छत्तीस आणि अकरा, बरोबर ४७. ४ पूर्णांक ०/७ गुणा, २८ येतात. २ पूर्णांक ६/१२ गुणा, ३० येतात. उलटा गुणाकार फक्त किंमत तपासतो. उत्तर कोणत्या रूपात लिहिले आहे ते त्याला कळत नाही, आणि आपली कार्यपत्रिका तर रूपाबद्दलच आहे.

दुसरी काळजी अशी, की प्रश्नातला आकडा छापील कार्यपत्रिकेवरूनच घ्यावा. आपल्या वहीतल्या कच्च्या यादीवरून घेऊ नये. एका वर्षी शेवटच्या दुरुस्तीत एका प्रश्नाचा अंश बदलला आणि वहीत जुनाच राहिला. मी वहीवरून गुणाकार पडताळून ‘बरोबर’ची खूण केली आणि सूची तशीच वर्गात गेली. तेव्हापासून शक्य असेल तर दोघांनी बसायचे असा माझा नियम आहे. एकाने छापील प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने सूचीतले उत्तर उलटे गुणून आलेला आकडा सांगायचा. वाचताना ‘सतरा छेद पाच’ असे पूर्ण म्हणायचे, कारण नुसते ‘सतरा पाच’ म्हटले की ऐकणारा १७.५ पासून १७५ पर्यंत काहीही समजू शकतो.

चौथी तपासणी: अतिसंक्षिप्त रूप

दोन शिक्षकांच्या सूची जुळत नाहीत आणि दोघेही बरोबर असतात, ते इथे. चौथ्या प्रश्नाला एकाने २ पूर्णांक ६/१२ लिहिले, दुसऱ्याने २ पूर्णांक १/२. किंमत एकच आहे. मग सूचीत काय छापायचे?

गणित करण्याआधी कार्यपत्रिकेवरची सूचना वाचावी. ‘पूर्णांकयुक्त अपूर्णांकात रूपांतर करा’ एवढेच लिहिले असेल तर ६/१२ लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापणे अन्यायाचे आहे. अशा वेळी मी सूचीत दोन्ही रूपे छापते, आधी अतिसंक्षिप्त आणि पुढे ‘२ पूर्णांक ६/१२ हेही ग्राह्य’. सूचनेत ‘अतिसंक्षिप्त रूपात’ असे शब्द असतील तर एकच रूप. जे ठरेल ते सगळ्या प्रश्नांना सारखे लावायचे. चौथ्याला १/२ छापून नवव्याला १४/२१ तसाच ठेवला तर तपासणारा गोंधळतो आणि मुले भांडायला येतात. ती भांडतात तेव्हा त्यांचेच खरे असते.

आता संक्षिप्त कधी करायचे, भागाकाराआधी की नंतर? ११९/२१ बघून फार थोड्या जणांना ११९ ला ७ ने भाग जातो हे चटकन दिसेल. म्हणून आधी भागाकार करावा. २१ पाचे १०५, बाकी १४. आता १४ आणि २१ समोर आहेत आणि यांतला ७ लगेच दिसतो. १४/२१ म्हणजे २/३, उत्तर ५ पूर्णांक २/३.

हे दर वेळी चालते का, असे एका तरुण सरांनी मला विचारले होते. म्हणजे मूळ अंश आणि छेद यांत असलेला सामाईक विभाजक बाकी आणि छेद यांत हरवून तर जात नाही ना? हरवत नाही. बाकी काढताना आपण अंशातून छेदाच्या पटी वजा करतो. ७ ने जर ११९ आणि २१ या दोघांनाही भाग जात असेल, तर २१ च्या पाच पटी वजा केल्यावर जे उरेल त्यालाही ७ ने भाग जाणारच. उलट दिशेनेही तसेच आहे. म्हणून मूळ अंश व छेद यांचा मसावि आणि बाकी व छेद यांचा मसावि नेहमी एकच असतो. तपासणाऱ्याला याचा फायदा असा, की सूचीत नुसता उत्तराचा छोटा अपूर्णांक बघून तो अतिसंक्षिप्त आहे की नाही ते ठरवता येते. प्रश्नाकडे वळून बघावेही लागत नाही. सहाव्या प्रश्नातला २/८ बघा. तो अजून संक्षिप्त होतो, पण १९ आणि ८ यांत तर सामाईक काही नाही. एवढ्यावरूनच कळते की हे उत्तर १९/८ चे असू शकत नाही.

पाचवी तपासणी: छपाईचा कच्चा कागद

वरच्या चारही फेऱ्या पार पडलेली सूची छापून येताना पुन्हा बिघडते. त्याचे मुख्य कारण ती मोकळी जागा. एका ओळीत ‘३ २/५’ लिहिले की त्या जागेवर सगळा अर्थ अवलंबून राहतो. तालुक्याच्या गावी एका छपाईवाल्याकडे आमची सूची ओळी बसवताना आकसली आणि जागा गेल्या. दुसऱ्यांदा जागा राहिली, पण ‘३’ ओळीच्या शेवटी आणि ‘२/५’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला गेले. दोन्ही वेळा टाइप करणाऱ्याची गणिताची चूक काहीच नव्हती.

उपाय तीन, स्वस्तापासून महागापर्यंत. पहिला, मधे ‘पूर्णांक’ हा शब्दच लिहायचा, जसा मी या लेखात सगळीकडे लिहिला आहे. तो गळाला तर लगेच दिसतो. दुसरा, वर्डमध्ये साध्या जागेऐवजी Ctrl+Shift+Space दाबून न तुटणारी जागा घालायची, म्हणजे पूर्णांक आणि अपूर्णांक वेगवेगळ्या ओळींवर जात नाहीत. तिसरा, Alt+= दाबून समीकरणाची चौकट उघडायची आणि अपूर्णांक आडव्या रेषेवर अंश, खाली छेद असा उभा मांडायचा. मुलांच्या वहीत तो तसाच असतो, म्हणून वेळ असेल तर हेच करावे.

फाइल कृतिदेवमध्ये असेल तर तिरक्या रेषेची कळ दाबल्यावर ‘ध्’ उमटतो, कारण त्या फाँटमध्ये ती कळ ‘ध्’ला दिलेली आहे. एखाद-दुसऱ्या ठिकाणी झाले असेल तर तेवढी रेषा निवडून तिचा फाँट बदलावा.

छापून आलेला पहिला कागद हातात आला की दुसरी तपासणी पुन्हा करावी, कोणत्या दोन पूर्णांकांच्या मधे ती. दहा मिनिटे लागतात आणि गळालेल्या सगळ्या जागा सापडतात, कारण जागा गळालेले उत्तर जवळजवळ नेहमी भलतेच मोठे होते.

सहावी तपासणी: संगणकावरची यादी

पंचवीसपर्यंत प्रश्न असतील तर हे करू नये, हाताने लवकर होते. शंभर-दीडशे प्रश्नांचा संच असेल तेव्हा एक्सेल उघडावे, पण आधी त्याच्या दोन खोडी ओळखून घ्याव्यात.

पहिली, रकान्यात १७/५ टाइप केले की ते त्याला १७ मे समजते. ज्या जोडीची तारीख होऊ शकत नाही ती तशीच राहते, म्हणून यादीतले काही प्रश्न बिघडतात, काही नाहीत, आणि चूक लवकर लक्षात येत नाही. एकदा तारीख झाली की मागचा आकडा परत मिळत नाही. रकान्याचे रूप बदलले तर तिथे भलतीच मोठी संख्या दिसते. म्हणून अंश एका रकान्यात आणि छेद दुसऱ्या रकान्यात टाकावा.

दुसरी खोडी आठव्या प्रश्नातल्या १/९ची. एक्सेलमध्ये `# ?/?` हे रूप दिले की तो पूर्णांकयुक्त अपूर्णांक दाखवतो, पण छेद एकाच अंकाचा ठेवतो. ३७/१२ ला एकअंकी छेद मिळत नाही, म्हणून तो जवळातला जवळ १/९ दाखवतो, आणि काही इशाराही देत नाही. `# ??/??` दिले तर १/१२ बरोबर येतो.

मला विचाराल तर उत्तरे संगणकाकडून काढून घेऊच नयेत. छापलेली उत्तरे त्याच्याकडून तपासून घ्यावीत. संगणकाने काढलेले उत्तर संगणकानेच पडताळले तर छपाईत काय झाले ते कळत नाही. `A` मध्ये प्रश्नाचा अंश, `B` मध्ये छेद, आणि `C`, `D`, `E` मध्ये छापील सूचीवरून हाताने टाइप केलेले पूर्णांक, अंश, छेद. उत्तर नुसती पूर्ण संख्या असेल तर अंश ० आणि छेद १ टाकावा. पुढच्या तीन रकान्यांत हे:

```
=(C2*E2+D2)*B2=A2*E2
=D2<E2
=GCD(D2,E2)=1
```

पहिले सूत्र किंमत तपासते, दुसरे बाकी लहान आहे का ते, तिसरे अतिसंक्षिप्त रूप. तिन्हीकडे `TRUE` आले तर ओळ पक्की. ४७/६ च्या ओळीत पहिल्यात `TRUE` आणि दुसऱ्यात `FALSE` येईल. ३०/१२ च्या ओळीत फक्त तिसऱ्यात `FALSE` येईल. कुठल्या रकान्यात `FALSE` आहे त्यावरून चुकीची जात कळते.

या सगळ्यातून गेल्यावर आपली नमुना सूची अशी होते:

१) ३ पूर्णांक २/५
२) २ पूर्णांक १/४
३) ७ पूर्णांक ५/६
४) २ पूर्णांक १/२
५) ४
६) २ पूर्णांक ३/८
७) २० पूर्णांक १/३
८) ३ पूर्णांक १/१२
९) ५ पूर्णांक २/३
१०) ४ पूर्णांक ५/९
११) ६ पूर्णांक ३/४
१२) ७ पूर्णांक ४/७

म्हणजे जशीच्या तशी बरोबर उत्तरे दोनच होती, दुसरे आणि दहावे.

कुठे थांबून दुसऱ्याला बोलवायचे

सगळ्या फाइलमध्ये ‘ध्’ आणि तुटकी जोडाक्षरे दिसत असतील तर एकेक जागा हाताने दुरुस्त करू नका. हाताने दुरुस्त करताना नवीन चुका शिरतात. फाइल आणि तिचा छापील कागद डीटीपी करणाऱ्याकडे द्या. तो पूर्ण फाइल युनिकोडमध्ये बदलून देईल. मात्र परत आलेल्या फाइलवर दुसरी आणि तिसरी तपासणी तुम्हीच करायची, कारण फाँट बदलताना आकडे बदलले का ते त्याला कळणार नाही.

प्रश्नच चुकला असेल तर सूचीत काही करू नका. यादीत ५/८ सारखा छेदाधिक अपूर्णांक आला असेल तर त्याचे पूर्णांकयुक्त रूप होतच नाही. छेद शून्य छापला गेला असेल तर त्या प्रश्नाला अर्थच नाही. अशा ठिकाणी अंदाजाने अंश-छेद उलटे करून उत्तर छापण्याचा मोह होतो. ज्यांनी प्रश्नपत्रिका काढली त्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलेली दुरुस्ती प्रश्नावर आणि सूचीवर एकदमच करा.

ऋण अपूर्णांक आले की वरच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्यांना बोलवा. उणे १७/५ चे उत्तर उणे ३ पूर्णांक २/५, आणि त्यातला उणे पूर्ण संख्येला आणि अपूर्णांकाला दोघांनाही लागू असतो. वर दिलेली सूत्रे उणे घेऊन चालवली तर ती बरोबर उत्तरालाही चूक ठरवतात.

आणि सूची वाटून झाली असेल, गुण नोंदवले गेले असतील, तर एकट्याने वर्गात जाऊन फळ्यावर दुरुस्ती लिहू नका. चुकलेल्या उत्तरांचे क्रमांक, जुने उत्तर, नवे उत्तर आणि उलटा गुणाकार असे एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांकडे द्या. त्याच सूचीने तपासलेल्या इतर शाळांच्या वह्याही पुन्हा पाहाव्या लागतील, आणि ते त्यांच्या सहीशिवाय होणार नाही.